प्रतीक्षाधीन

सरकारी कार्यालयात एखादी फाईल 'सापडत नाही' असं सांगितलं जातं, तेव्हा ती हरवलीच असेल असं नाही. बऱ्याचदा ती नियमाने जिथे असायला हवी तिथेच असते. पण शोधणाऱ्याला आपण नेमकं काय शोधतोय हे ठाऊक नसतं, आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला आत काय चाललंय हे कुणी सांगितलेलं नसतं. ही गोष्ट अशा एका बाकड्याची आहे. तिच्यातले आप्पा म्हणजे कुणी एक खरा माणूस नव्हे. पण मराठवाड्यातल्या एखाद्या पाटबंधारे कार्यालयाच्या व्हरांड्यात सकाळी दहाच्या सुमाराला डोकावलं, तर ते भेटायला हरकत नाही.

आप्पा 1976 साली जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर लागले. आधी मोजणीदार, पुढे कालवा निरीक्षक. शेतकऱ्यांचे पाण्यासाठीचे सात नंबरचे अर्ज घ्यायचे, कुणी किती भिजवलं ते मोजायचं, पाणीपट्टीचा हिशेब लावायचा, चारीवरची भांडणं सोडवायची. 2009 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन वेळेवर सुरू झाली आणि ती आजही दर महिन्याला खात्यावर जमा होते. म्हणजे त्यांचं पोट काही या फाईलवर अडलेलं नाही. अडलंय ते दुसरंच.

त्यांच्या निवृत्तीनंतर, 1 एप्रिल 2010 रोजी, राज्य शासनाने सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेचा निर्णय काढला. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सोपा आहे. पदोन्नतीची संधी न मिळालेल्या कर्मचाऱ्याला बारा वर्षांनी वरची वेतनश्रेणी द्यायची, हे आधीपासून होतंच. या निर्णयाने पहिल्या लाभानंतर आणखी बारा वर्षांनी दुसरा लाभही मिळू लागला, आणि तो 1 ऑक्टोबर 2006पासून लागू झाला. आप्पा तेव्हा नोकरीत होते. म्हणजे निवृत्त झाल्यावर त्यांचा मागचा पगार वाढला, आणि पगार वाढला म्हणजे त्यावर ठरलेलं निवृत्तिवेतनही वाढायला हवं. त्यासाठी कार्यालयाने सुधारित प्रस्ताव महालेखापालांकडे पाठवायचा असतो. मराठवाडा आणि विदर्भासाठी ते कार्यालय नागपूरला आहे. तिथून सुधारित प्राधिकारपत्र आलं की कोषागार फरक देतं.

रक्कम किती? समजा, लाभाच्या दिवशी त्यांचं मूळ वेतन 14,200 रुपये होतं आणि ग्रेड वेतन 2,400चं 2,800 झालं. सहाव्या वेतन आयोगाच्या रीतीने तीन टक्क्यांची एक वेतनवाढ, म्हणजे 430 रुपये, अधिक ग्रेड वेतनातला 400चा फरक. पगार 830ने वाढला. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणून 415 रुपयांची वाढ. 2016पासून सातव्या आयोगाने जुनी पेन्शन 2.57ने गुणली, तेव्हा तोच फरक 1,067 झाला. त्यावर महागाई वाढ पन्नास टक्के धरली तरी महिन्याला सोळाशे. इतक्या वर्षांची थकबाकी ढोबळमानाने दीड-दोन लाखांच्या घरात जाते. उपदान आणि अंशराशीकरणातला फरक वेगळाच. एवढ्या पैशांसाठी चौऱ्याहत्तरीतला माणूस एसटीने जिल्ह्याच्या गावी येतो आणि बाकड्यावर बसतो. त्याला हावरा म्हणणाऱ्यांनी एकदा औषधाच्या दुकानाचं बिल बघावं.

"काका, बसा हं बाहेर. बघते मी," असं आस्थापना शाखेतल्या लिपिक बाई म्हणाल्या. आप्पा त्यांना 'मॅडम' म्हणतात, जरी त्या त्यांच्या नातीच्या वयाच्या असल्या तरी. त्या जूनमध्ये या टेबलावर आल्या. आधीचे भाऊसाहेब मे महिन्यात बदलून गेले. जाताना त्यांनी कार्यभाराची यादी दिली, तीत फायलींचे क्रमांक होते, विषय होते. कुठली फाईल कशासाठी अडली आहे, हा रकाना नव्हता.

आता बाई आत काय करताहेत ते पाहू.

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत कागद ठेवण्याची एक जुनी, आणि माझ्या मते फार शहाणी, पद्धत आहे. तिला सहा गठ्ठा पद्धत म्हणतात. प्रत्येक लिपिकाने आपल्याकडची सगळी कागदपत्रं सहा गठ्ठ्यांत लावायची. पहिल्यात ज्यांवर आपल्याला काहीतरी करायचं आहे अशी प्रलंबित प्रकरणं. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र लिहिलं आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहोत अशी. पुढे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, मग नेहमी लागणारे शासन निर्णय आणि स्थायी आदेश. पाचव्यात काम संपलेल्या, अभिलेख कक्षात पाठवायच्या फायली, आणि सहाव्यात 'ड' वर्गाचे कागद, जे वर्षभराने नष्ट करायचे. 1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयात कागदांची जी मांडामांड केली, जिला पुढे 'लखिना पॅटर्न' म्हटलं जाऊ लागलं, तिच्या मुळाशीही हाच विचार होता: कागद कुठे आहे हे माणसाच्या आठवणीवर सोडायचं नाही.

बाईंनी आधी पहिला गठ्ठा सोडला. स्वाभाविक आहे, प्रलंबित प्रकरण म्हटल्यावर माणूस प्रलंबितांतच पाहणार. तिथे आप्पांच्या नावाची एक फाईल सापडलीसुद्धा. पातळशी, तीन-चार कागदांची. त्यात आप्पांचे गेल्या काही वर्षांतले अर्ज होते, 'माझे प्रकरण त्वरित निकाली काढावे' अशा विनंतीचे. प्रत्येकावर आवक बारनिशीचा शिक्का, क्रमांक, तारीख. पण मूळ प्रस्ताव नाही, सेवापुस्तक नाही, महालेखापालांचं पत्र नाही.

सामान्य माणसाच्या डोक्यात सहसा न येणारी गोष्ट इथे घडलेली असते. दरवेळी नवा अर्ज दिला की काम पुढे सरकेल, असं आपल्याला वाटतं. अर्जावर जुन्या पत्राचा संदर्भ नसेल, तर आवक लिपिक त्याला नवा क्रमांक देतो, टेबलावरचा लिपिक त्याचं नवं प्रकरण उघडतो, आणि एकाच माणसाच्या दोन फायली होतात. खरं काम जिच्यात अडलंय ती एकीकडे, आणि तक्रारी साठत जाणारी दुसरीकडे. मग शोधणाऱ्याच्या हाती दुसरीच लागते. "मूळ प्रकरण दिसून येत नाही" असं जे उत्तर कधी कधी मिळतं, ते अशा वेळी खोटं नसतं. म्हणून अर्जात 'संदर्भ' या शब्दापुढे कार्यालयाच्या शेवटच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख लिहिणं, हे अर्जातल्या कळकळीच्या चार ओळींपेक्षा जास्त कामाचं असतं. आप्पांनी तो लिहिला नव्हता, कारण कार्यालयाने नागपूरला किंवा आणखी कुणाला लिहिलेल्या पत्रांची प्रत त्यांना कधी मिळालीच नव्हती.

बाहेर आप्पांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. नवरा गेला, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आलेल्या. आप्पांनी त्यांना विचारलं, "नवऱ्याच्या पीपीओवर तुमचं नाव आहे ना?" त्यांनी कागद काढून दाखवला. नाव होतं. "मग होईल तुमचं लवकर," आप्पा म्हणाले. सरकारी नोकरी केलेल्या माणसाची ही खोड जात नाही. स्वतःचं काम अडलेलं असताना दुसऱ्याचे कागद तपासतो.

साडेअकराला बाई अभिलेख कक्षात गेल्या. तिथे फडक्यात बांधलेले गठ्ठे, त्यांवर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षं ठेवायचे, 'क' त्याहून कमी. पण मिटलेलं नसलेलं प्रकरण इथे असायचं कारणच नव्हतं. अर्धा तास त्यात गेला. आप्पांना तो अर्धा तास "मॅडम चहाला गेल्या" असा कळला, कारण शिपाईमामांना तेवढंच माहीत होतं.

मग बाईंनी जे केलं ते खरं तर आधी करायला हवं होतं. त्यांनी जावक बारनिशी उघडली. आवक बारनिशीत कार्यालयाकडे काय आलं ते कळतं. जावक बारनिशीत कार्यालयाने शेवटचं काय केलं ते. आणि अडलेल्या प्रकरणात कळीचा प्रश्न हाच असतो: शेवटचं पत्र कुणाला गेलं आणि कधी? त्यांनी मागे मागे जात नोंदी पाहिल्या, आणि एका ओळीवर बोट थांबलं. आप्पांचं नाव, विषय 'सेवा पडताळणीबाबत', पत्र एका उपविभागाला पाठवलेलं. त्यापुढे उत्तराची नोंद कुठेच नाही.

उत्तर आलेलं नाही, म्हणजे फाईल दुसऱ्या गठ्ठ्यात. प्रतीक्षाधीन.

ती तिथेच होती, तळाशी, सेवापुस्तकासकट. महालेखापालांचं आक्षेपाचं पत्र सगळ्यात वर लावलेलं होतं. आक्षेप एकच: 1988-89 मधल्या काही महिन्यांची सेवा पडताळलेली नाही. आप्पांची तेव्हा एका उपविभागातून दुसऱ्यात बदली झाली होती. कर्मचाऱ्याची सेवा दरवर्षी वेतन देयकांवरून पडताळून सेवापुस्तकात तसा दाखला लिहायचा असतो. जुन्या कार्यालयाला वाटलं नवीन कार्यालय लिहील. नवीन कार्यालयाला वाटलं जुन्याने लिहिलं असेल. सेवापुस्तकातले असे खाडे बदलीच्याच महिन्यांत पडतात, हे आस्थापनेचं काम केलेला कुणीही सांगेल. निवृत्तीच्या वेळी हा खाडा कुणाच्या नजरेतून सुटला असेल, पण सुधारित प्रस्तावात तो दिसला.

गठ्ठा पद्धतीतला कच्चा दुवाही हाच आहे. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात फाईल टाकताना तिच्यावर पुढची तारीख घालायची असते आणि त्या तारखेला ती काढून स्मरणपत्र द्यायचं असतं. तारीख पाळली तर हा गठ्ठा सगळ्यात जिवंत. नाही पाळली तर तो आपोआप अभिलेख कक्ष होतो. शिवाय कायद्याची चिमटीही त्याला नीट लागत नाही. महाराष्ट्रात 2005चा बदल्यांचा आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. त्यानुसार सामान्यपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे विचारणा करायची असली तरी निर्णयाला तीन महिन्यांची मर्यादा आहे. पण भाऊसाहेब म्हणू शकतात की मी सात दिवसांच्या आत पत्र लिहिलं, आता चेंडू उपविभागाकडे आहे. कागदोपत्री ते बरोबरच ठरतं. विलंब कुणाच्याच टेबलावर झालेला नसतो.

बाईंनी आप्पांना आत बोलावलं आणि खुर्ची दिली. आप्पांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, हे पत्र ज्या उपविभागाला पाठवलंय, तो उपविभाग आता कुठाय? बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. पत्र पोचलंच नसेल."

"मग त्यांचं रेकॉर्ड?"

"शाखा कार्यालयात गेलं सगळं. कालव्यावरच्या आपल्या विश्रामगृहाच्या मागं खोली आहे बघा, तिथं. मीच तर ट्रॅक्टरमध्ये भरून नेलं होतं."

बाईंनी हे लिहून घेतलं. इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात ही माहिती कुठल्याच कागदावर आली नव्हती, कारण ती ज्याला ठाऊक होती त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो बाहेर बसलेला होता.

आप्पांनी पिशवीतून दुय्यम सेवापुस्तक काढलं. मूळ सेवापुस्तक कार्यालयात राहतं. त्याची दुसरी प्रत कर्मचाऱ्याकडे असावी आणि दरवर्षी तिच्यात नोंदी करून घ्याव्यात, अशी तरतूद आहे. आप्पांच्या प्रतीतल्या नोंदी 1985ला संपल्या होत्या. पुढे त्यांनी ते नेलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. आज नोकरीत असलेल्या वाचकांनी हे वाचून आपलं दुय्यम सेवापुस्तक कुठे आहे ते घरी शोधायला हरकत नाही.

"वेतन देयकं सापडली नाहीत तर?" आप्पांनी विचारलं.

तर वाट आहे. देयकांवरून पडताळणी होत नसेल तेव्हा त्या काळात आपण सेवा केली असं लेखी निवेदन कर्मचाऱ्याने द्यायचं, त्याच्या पुष्टीला इतर पुरावा जोडायचा, आणि कार्यालयप्रमुखाने ते मान्य करायचं, अशी सोय निवृत्तिवेतनाच्या नियमांत ठेवलेली आहे. पुरावा म्हणजे त्या वेळचे आदेश, प्रवास भत्त्याची देयकं, सोबत काम केलेल्यांचे जबाब. अडचण अशी की आप्पांसोबतच्यांपैकी एक गेले, आणि दुसरे मुलाकडे पुण्याला असतात, ज्यांना आता कानाने कमी ऐकू येतं. बाई म्हणाल्या की आधी खोलीतली देयकं बघू.

आप्पांच्या मनात आणखी एक भीती होती, ती त्यांनी जरा वेळाने बोलून दाखवली. सेवापुस्तक पुन्हा उघडलं, वेतन पडताळणी पथकाकडे गेलं, आणि मागे कधी तरी चुकून एखादी वेतनवाढ जास्त दिलेली निघाली, तर उलट वसुली लागायची. अशी भीती घालून अनेकांना गप्प बसवलं जातं. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये रफिक मसीह प्रकरणात दिलेला निकाल आप्पांसारख्यांच्या बाजूचा आहे. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, कार्यालयाच्या चुकीने जास्त दिलेली रक्कम वसूल करू नये, असं त्यात म्हटलं आहे. मात्र याचा अर्थ चूक तशीच चालू राहील असा नाही. पुढची पेन्शन योग्य आकड्यावर आणली जाऊ शकते. आणि 'जास्त रक्कम मिळाल्यास परत करीन' असं वचनपत्र वेतननिश्चितीच्या वेळी लिहून दिलेलं असेल, तर कार्यालय ते पुढे करतं आणि वाद न्यायालयात जातो. आप्पांना वचनपत्र दिल्याचं आठवत नव्हतं. बाईंनी फाईल चाळली. वचनपत्र होतं, आप्पांच्याच सहीचं, छापील नमुन्यावर. आप्पा ते बराच वेळ बघत राहिले.

"तेव्हा समोर ठेवलं, सही केली," ते म्हणाले. "आमच्याकडंही शेतकरी असंच करायचे. सात नंबरच्या अर्जामागं अटी छापलेल्या असायच्या. कुणी वाचल्या नाहीत आणि आम्हीपण वाचून दाखवल्या नाहीत."

मग काम कसं मार्गी लावायचं ते ठरलं. बाई शाखा अभियंत्यांना नवं पत्र लिहिणार, त्यात खोली आणि महिने स्पष्ट नमूद करणार, आणि प्रत आप्पांना देणार. दोन्ही फायली एकत्र जोडून पातळ फाईल बंद करणार. आप्पांनी पुढच्या अर्जात या पत्राचाच संदर्भ द्यायचा. तरीही हाललं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून फाईल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करायची. 2005च्या त्या कायद्यात अभिलेखाची पाहणी करण्याचा हक्क आहे. 'माझ्या प्रकरणाचे काय झाले' असं विचारण्यापेक्षा 'मला फाईल आणि जावक नोंदी दाखवा' असं म्हणणं बरं, कारण पहिल्याला 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर देता येतं, दुसऱ्याला नाही.

पत्र टाईप होऊन सहीला गेलं तेव्हा साहेब मीटिंगला गेले होते. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही निघा. सही झाली की टपालाने प्रत पाठवते."

आप्पा उठले नाहीत. "मॅडम, शेवटची एसटी साडेसहाला आहे. थांबतो मी. प्रत नाही मिळाली तरी चालेल, पण जावक क्रमांक तेवढा पडू द्या."